पाऊल आधी, पाय नंतर

आमच्या न्हाणीघराच्या भिंतीवर पावसाळ्यात एक चपटा, तळहाताएवढा कोळी येऊन बसतो. तो जाळं विणत नाही, झुरळांवर टपून असतो. मागच्या वर्षी मी फोनच्या स्लो मोशनवर, सेकंदाला 240 चित्रं या वेगानं, त्याचं चालणं टिपलं आणि मग संगणकावर एकेक चित्र पुढे सरकवत पाहिलं. भिंतीचा गिलावा एका जागी उडालाय, तिथून तो जात होता. त्याचं अंग एका संथ गतीनं पुढे सरकत होतं, पण टेकलेलं पाऊल जागचं तसूभरही हलत नव्हतं. अंग पुढे निघून जायचं, पाय मागे ताणला जायचा आणि आता पुरत नाही असं झालं की पाऊल झटकन उचलून पुढे टेकायचं. तेव्हा मी एका गेमसाठी वासराएवढा कोळी खडकाळ डोंगरावर चालवायच्या खटपटीत होतो. माझं काय चुकत होतं, ते त्या भिंतीवर दिसलं.

मी चाल आधी तयार करून ठेवली होती. अ‍ॅनिमेशनची नेहमीची रीत तीच आहे: एका पावलापासून पुढच्या पावलापर्यंतच्या हालचाली बसवायच्या आणि त्या पुन्हा पुन्हा फिरवायच्या. सपाट फरशीवर हे छान दिसतं. खडकावर मात्र एक पाऊल दगडात रुततं, दुसरं हवेत लोंबकळतं, कारण त्या चालीला जमिनीची खबरच नसते. आठ पायांच्या प्राण्याला तर एका वेळी आठ निरनिराळ्या उंचीच्या जागा लागतात. त्या सगळ्यांच्या जोड्या आधी बसवून ठेवणं कुणाला शक्य नाही. म्हणून इथे चाल साठवायची नसते. चालण्याचे नियम लिहायचे आणि प्रत्येक फ्रेमला त्या नियमांतून पाय कुठे आहे ते नव्यानं काढायचं. यालाच प्रोसिजरल अ‍ॅनिमेशन म्हणतात. कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या मायकेल जिरार्ड आणि अँथनी मॅचिएव्हस्की यांनी 1985 साली पायांनी चालणाऱ्या आकृत्यांसाठी अशी पद्धत मांडली होती.

पहिला प्रश्न असा की जमीन कुठे आहे हे पायाला कळणार कसं? गवंडी वरून ओळंबा सोडतो, तसंच काहीसं इथे करतात. कोळ्याच्या अंगाला आठ अदृश्य खुणा चिकटवलेल्या असतात. प्रत्येक पाय आरामात टेकेल अशी ती जागा, तिला आपण ‘घर’ म्हणू. अंग पुढे गेलं की ही घरंही त्याच्यासोबत पुढे जातात. प्रत्येक घराच्या मीटरभर वरून खाली एक सरळ रेषा सोडायची आणि ती पहिल्यांदा कशाला आदळते ते संगणकाला विचारायचं. हाच रेकास्ट. उत्तरात आदळल्याची जागा मिळते आणि तिथला पृष्ठभाग कोणत्या दिशेला तोंड करून आहे तेही कळतं. दोन बारीक गोष्टी इथे सांभाळाव्या लागतात. रेषेनं फक्त जमीन मोजायची, कोळ्याचं स्वतःचं अंग वगळायचं, असं बजावून ठेवलं नाही तर पाय स्वतःच्याच पाठीवर चढतात. आणि रेषेला जाडी नसल्यामुळे ती दोन दगडांमधल्या बोटभर फटीतही शिरते. म्हणून अशा जागी रेषेऐवजी एक लहानसा गोळा खाली सोडतात. तो फटीत न जाता कडांवर अडतो, खऱ्या पावलासारखाच.

दुसरा प्रश्न पाऊल कधी उचलायचं हा. भिंतीवरच्या कोळ्यानं मला शिकवलं ते इथे. पाऊल अंगाच्या मालकीचं नाही, टेकलं की ते जमिनीचं झालं. संगणकात त्याची जागा डोंगराच्या मापात लिहून ठेवायची आणि अंग कितीही हललं तरी तिला हात लावायचा नाही. माझी पावलं अंगाला बांधलेली होती, म्हणून बर्फावर घसरल्यासारखी ओढली जात होती. आता प्रत्येक फ्रेमला इतकंच पाहायचं: टेकलेलं पाऊल आणि त्याचं घर यांच्यात 40 सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर पडलं का? पडलं तर पाऊल उचलून नव्या जागी ठेवायचं. उचलताना त्याला कमानीतून न्यायचं, त्याला एक ओळ पुरते:

```csharp
foot = Vector3.Lerp(start, target, t) + Vector3.up * Mathf.Sin(t * Mathf.PI) * 0.25f;
```

`t` शून्यापासून एकपर्यंत जातो. पाऊल `start` पासून `target` कडे सरकतं आणि मध्यावर या सरळ वाटेपासून पाव मीटर वर असतं.

पण `target` म्हणजे नेमकं काय? माझा कोळी सेकंदाला दीड मीटर चालतो आणि पाऊल हवेत 0.15 सेकंद असतं. तेवढ्यात अंग साडेबावीस सेंटिमीटर पुढे जातं. उचलताना घर जिथे होतं तिथेच पाऊल ठेवलं, तर टेकतानाच ते साडेबावीस सेंटिमीटर मागे पडलेलं असतं. पुढे साडेसतरा सेंटिमीटर गेलं की पुन्हा उचलायची वेळ येते. पाय सतत अंगामागे धावत राहतात, कोळी फरफटत चालल्यासारखा दिसतो. उपाय असा की टेकण्याच्या क्षणी घर कुठे असेल त्याचा अंदाज घ्यायचा आणि त्याच्याही 30 सेंटिमीटर पुढची जागा ओळंब्यानं शोधायची. मग पाऊल 30 पुढून 40 मागेपर्यंत, म्हणजे 70 सेंटिमीटर, टेकलेलं राहतं. जवळजवळ अर्धा सेकंद. चालीला वजन येतं ते या अर्ध्या सेकंदामुळे.

आठही पाय एकदम उचलले जाऊ नयेत म्हणून त्यांचे दोन गट करतात: डावीकडचा पहिला व तिसरा आणि उजवीकडचा दुसरा व चौथा, हा एक गट; उरलेले चार दुसरा. एका गटाचं पाऊल हवेत असेल तर दुसऱ्यानं थांबायचं. खरे कोळीही साधारण असेच आलटून पालटून पाय टाकतात.

इथवर नुसती पावलं झाली. आठ ठिपके डोंगरावर चालताहेत, पाय अजून नाहीतच. पाय लावण्याचं काम इन्व्हर्स कायनेमॅटिक्सचं, बोलताना आम्ही ‘आयके’ म्हणतो. फडताळातला डबा काढताना कोपर किती अंशात वाकवायचं याचा विचार आपण करत नाही. हात डब्यापाशी न्यायचा एवढंच ठरवतो, कोपर आपोआप जमवून घेतं. आयके हेच गणितानं करतं: टोक ठरलेलं, मधले सांधे शोधायचे.

खऱ्या कोळ्याच्या पायाला सात भाग असतात. गेममध्ये मी दोनच ठेवले, मांडी 60 सेंटिमीटर आणि पोटरी 80. खुबा जमिनीपासून 60 उंच आणि पाऊल आडव्या अंतरानं 80 लांब असेल, तर खुब्यापासून पावलापर्यंतचं सरळ अंतर पायथागोरसच्या नियमानं 100 येतं. आता 60, 80 आणि 100 अशा तीन बाजूंचा त्रिकोण झाला. तो काटकोन त्रिकोण आहे, म्हणजे गुडघा बरोबर 90 अंशांत वाकलेला. त्याच जागी 20 सेंटिमीटर उंच दगड आला तर सरळ अंतर 89 वर येतं आणि कोसाइनच्या नियमानं गुडघा 78 अंशांवर मिटतो. 40 सेंटिमीटर खोल खड्डा आला तर अंतर 128 होतं, गुडघा 132 अंशांपर्यंत उघडतो. खड्डा 60 खोल असेल तर अंतर 144 येतं. मांडी आणि पोटरी मिळून 140च आहे, तिथे पाय पोचतच नाही. त्या पावलासाठी दुसरी जागा शोधावी लागते.

तीन बाजू ठरल्या तरी गुडघा कुठल्या बाजूला यावा हे ठरत नाही. खुबा आणि पाऊल यांच्यामधल्या रेषेभोवती तो दाराच्या बिजागरीसारखा कुठेही फिरू शकतो. म्हणून प्रत्येक पायाच्या वर आणि जरा बाहेर एक बिंदू ठेवतात, गुडघ्यानं त्याच्याकडे पाहायचं. हा बिंदू विसरलात की गुडघे मधूनच पोटाखाली वळतात आणि कोळी खेकड्यासारखाही दिसत नाही, मोडल्यासारखा दिसतो.

पाय पूर्ण ताणला जातो तेव्हा एक वेगळाच दोष दिसतो: गुडघा ताडकन सरळ होतो. त्याचं कारण आकड्यांत आहे. अंतर 100 वरून 102 झालं तर गुडघा जेमतेम अडीच अंश उघडतो. तेच 138 वरून 140 झालं तर जवळजवळ 20 अंश. शेवटच्या दोन सेंटिमीटरांत आठपट हालचाल होते, आणि डोळ्याला ती धक्क्यासारखी जाणवते. म्हणून मी पायाला 133च्या पुढे ताणूच देत नाही. त्याआधीच पाऊल उचलायला लावतो.

अंगाची उंची आठही पावलांच्या सरासरीवरून घेतात आणि डावी पावलं उजव्यांपेक्षा उंच असतील तर अंग तेवढं कलतं करतात. मात्र हे हळूहळू करायचं. पावलांवरून अंग ठरतं आणि अंगावरून घरं ठरतात, त्यामुळे बदल एकदम लागू केला तर दोघं एकमेकांना ढकलत राहतात आणि उभा कोळी थरथरतो.

मला सगळ्यात जास्त दिवस छळलं ते एका कपारीनं. खडकाचा पुढे आलेला थर होता आणि कोळ्याला त्याच्या खालून जायचं होतं. तो खाली शिरला की उजवे चार पाय वर जाऊन दगडातून आरपार जायचे. रेषा रंगवून पाहिल्या तेव्हा उलगडा झाला: ओळंबा मीटरभर वरून सुटत होता, म्हणजे थराच्याही वरून, आणि त्याला थराची माथ्याची बाजू लागत होती. मग शोधाची सुरुवात खुब्यापासून केली. आधी खुब्यातून बाहेरच्या दिशेला रेषा. ती आदळली तर तिथे भिंत आहे, पाऊल भिंतीवर ठेवायचं. नाही आदळली तर तिच्या टोकापासून खाली. तीही रिकामी गेली तर आपण कड्याच्या काठावर आहोत, म्हणून तिच्या टोकापासून परत आत, अंगाखालच्या दिशेला. त्या तिसऱ्या रेषेला कड्याची उभी बाजू सापडते. कपार सुटलीच, शिवाय ‘खाली’ म्हणजे कोळ्याच्या पोटाची दिशा धरल्यावर तो कड्यावरून वळून उभ्या भिंतीवर उतरू लागला.

गेममध्ये हा कोळी मरतोही. खऱ्या कोळ्याच्या पायांतल्या दोन मुख्य सांध्यांना पाय सरळ करणारे स्नायूच नसतात. अंगातल्या द्रवाच्या दाबानं ते सांधे उघडतात. मेल्यावर दाब जातो, मिटणारे स्नायू उरतात आणि पाय पोटाशी गोळा होतात. त्यासाठी मला वेगळं काही बसवावं लागलं नाही. ओळंबे बंद केले आणि आठ पावलं सेकंदभरात पोटाखालच्या एका बिंदूकडे ओढून घेतली. गुडघे त्यांच्यामागून आपसूक मिटत गेले.