आधी मैदान, मग नकाशा

नकाशावाचनाचा धडा बहुतेक वर्गांत व्याख्यांनी सुरू होतो. प्रमाण म्हणजे काय, दिशा किती, खुणा कोणत्या, हे फळ्यावर लिहून होतं, मुलं ते वहीत उतरवतात आणि परीक्षेत बरोबर लिहितातही. पण त्याच मुलांच्या हातात अनोळखी नकाशा दिला आणि विचारलं, ‘या गावाहून त्या गावाला चालत किती वेळ लागेल?’, तर वर्ग गप्प होतो. आपल्या पायाखालची जमीन कागदावर कशी उतरते हे त्यांनी कधी केलेलंच नसतं. त्यासाठी सलग दोन तासिका, म्हणजे साधारण सत्तर मिनिटं, पुरतात. फक्त सुरुवात शाळेच्या मैदानावर करायला हवी.

साताऱ्याच्या आसपासची एखादी माध्यमिक शाळा घ्या, जानेवारीचा महिना आणि दुपारी दोनची जोड तासिका. पहिलं काम पावलं मोजायचं. वीस मीटरची दोरी जमिनीवर ताणायची आणि प्रत्येक मुलाने तिच्या कडेने नेहमीच्या चालीने चालायचं. समजा एका मुलीची बत्तीस पावलं झाली. म्हणजे तिचं एक पाऊल साडेबासष्ट सेंटिमीटरचं. आता तिला टेप लागत नाही. मैदानाची लांबी चौसष्ट पावलं भरली तर ती 40 मीटर, रुंदी चाळीस पावलं भरली तर 25 मीटर.

हे मैदान वहीच्या पानावर बसवायचं तर 1 सेंटिमीटरला 2 मीटर हे प्रमाण सोयीचं. मग लांबी 20 सेंटिमीटर आणि रुंदी साडेबारा. हेच अंकात लिहिलं की 1:200, आणि नेमकं इथेच मुलं अडखळतात. चाळीसला दोनशेने भागून 0.2 येतं आणि तेवढे सेंटिमीटर काढून मोकळी होतात, मैदान मुंगीएवढं! अंकप्रमाणात दोन्ही बाजूंना एकच एकक असतं, म्हणून आधी 40 मीटरचे 4000 सेंटिमीटर करायचे आणि मग भागायचं. हे सूत्र म्हणून घोकून घेऊ नये. एक मीटर रुंदीचं वर्गाचं दार नकाशावर अर्धा सेंटिमीटर यायला हवं, मग मैदान 0.2 कसं असेल, एवढं विचारलं की चूक मुलांना स्वतःलाच दिसते.

आयत काढून झाला की एक अशी गोष्ट करून घ्यावी जी पाठ्यपुस्तकातल्या तयार आकृतीवर करताच येत नाही. मैदानाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर कुणीही मोजलेलं नाही. ते आधी नकाशावर पट्टीने मोजायचं. साधारण 23.6 सेंटिमीटर येतं, म्हणजे जमिनीवर 47 मीटरच्या थोडं वर, त्या मुलीच्या हिशेबाने पंचाहत्तर-शहात्तर पावलं. मग तिने चालून बघायचं. पावलं जुळली तर नकाशा खरा. पंचाऐंशी भरली तर कुठेतरी बाजू चुकली आहे, किंवा मैदानाचा कोपरा काटकोनात नाही. दुसरी शक्यता खेड्यातल्या शाळांत बरेचदा खरी निघते, आणि ती कागदावरूनच सापडली याचं मुलांना फार अप्रूप वाटतं.

आतापर्यंत नकाशावर दिशा नाही, आणि ती मुद्दामच ठेवलेली नाही. ‘सूर्य उगवतो ती पूर्व’ हे मुलांना पाठ असतं, पण आपल्याकडे डिसेंबरच्या अखेरीस सूर्य पूर्वेच्या जवळजवळ 25 अंश दक्षिणेला उगवतो आणि जूनमध्ये तितकाच उत्तरेला. मार्च आणि सप्टेंबरमधल्या विषुवदिनांच्या आसपासच ते वाक्य नीट लागू पडतं. म्हणून जुनी, खात्रीची रीत वापरावी. कात्यायन शुल्बसूत्रात वेदीची दिशा ठरवायला ती सांगितली आहे. सपाट जमिनीवर सरळ काठी रोवायची आणि तिच्याभोवती दोरीने वर्तुळ काढायचं. सावलीचं टोक सकाळी वर्तुळाला जिथे शिवतं तिथे एक खूण, दुपारी पुन्हा शिवतं तिथे दुसरी. दोन खुणांना जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम. सकाळची खूण पश्चिमेकडची. या भागात जानेवारीत सूर्य पावणेएकच्या सुमारास सर्वांत उंच येतो, म्हणून पावणेअकराला पहिली खूण केली असेल तर दुसरी पावणेतीनच्या आसपास मिळते, म्हणजे ऐन तासिकेत. पहिली खूण मात्र शिक्षकांनी सकाळी आठवणीने करून ठेवायला हवी.

त्या रेघेला काटकोनात उत्तर काढली की ती मैदानाच्या कडेला समांतर नाही असं बहुधा दिसतं. शाळा बांधताना रस्त्याकडे बघितलेलं असतं, ध्रुवताऱ्याकडे नाही. नकाशावर उत्तरेचा बाण तिरपा पडतो आणि ‘उत्तर म्हणजे कागदाची वरची बाजू’ हा समज तिथेच संपतो. या समजाचं मूळ भिंतीवरच्या नकाशात आहे. तो दक्षिणेच्या भिंतीवर टांगला असेल, तर समोर उभ्या मुलाच्या उजव्या हाताला खरी पश्चिम असते आणि नकाशावर मात्र उजवीकडे पूर्व. असा नकाशा काढून जमिनीवर पसरावा, त्याची उत्तर खऱ्या उत्तरेकडे फिरवावी आणि भोवती बसून वाचावा.

उरलेली पंचवीस मिनिटं सर्वेक्षण विभागाच्या स्थलनिर्देशक नकाशाला द्यावीत. 1767 मध्ये स्थापन झालेल्या या विभागाचे नेहमीचे नकाशे 1:50,000 प्रमाणावर असतात, म्हणजे 2 सेंटिमीटरला 1 किलोमीटर. मुलांना पहिला प्रश्न हा विचारावा: आपलं 40 मीटरचं मैदान यावर केवढं येईल? उत्तर 0.8 मिलिमीटर. चार मीटर व्यासाची विहीर तर 0.08 मिलिमीटर, म्हणजे दिसणारच नाही. तरीही उन्हात वाट तुडवणाऱ्याला विहीर कुठे आहे हे कळायलाच हवं. सांकेतिक खुणा जन्मतात त्या या अडचणीतून. प्रमाण जिथे हात टेकतं तिथे खूण येते. हे उमगलं की मुलं खुणेची लांबीरुंदी मोजत बसत नाहीत. नकाशावरची अर्ध्या मिलिमीटरची लाल रेघ प्रमाणाने धरली तर रस्ता 25 मीटर रुंद होईल. गावचा रस्ता एवढा कुठून असणार? खूण जागा सांगते, आकार नाही.

रंगांत एक ठिकाण हमखास चुकतं. निळं म्हणजे पाणी एवढं पाठ असल्याने दख्खनच्या नकाशावरचे काळे, नागमोडी ओढे मुलांना रस्ते वाटतात. या नकाशांवर बारमाही पाणी निळं आणि कोरडे पडणारे ओढे काळे दाखवतात. रस्ता आणि ओढा ओळखायची युक्ती सोपी आहे: ओढ्याला फाटे फुटतात ते वरच्या अंगाला, झाडाच्या फांद्यांसारखे, आणि सगळे मिळून खाली एकाच प्रवाहात येतात; रस्ता गावाला गाव जोडत जातो. सूची झाकून ठेवावी आणि ‘मे महिन्यात या गावाला पाणी कुठून आणाल?’ असं विचारावं. निळी रेघ, विहीर, तलाव शोधता शोधता खुणा आपोआप वाचल्या जातात.

प्रमाणाची एक गोष्ट झेरॉक्सवर दाखवण्यासारखी आहे. मुलांचा नकाशा निम्म्या लांबीचा करून आणला की त्यावर लिहिलेलं ‘1 सेंटिमीटरला 2 मीटर’ खोटं ठरतं, 1:200 सुद्धा. खाली काढलेली रेषाप्रमाणाची पट्टी तेवढी नकाशाबरोबर लहान झालेली असते, म्हणून ती खरीच राहते. मोबाइलवरच्या नकाशात बोटांनी जवळ-दूर करताना कोपऱ्यातली पट्टी सारखी बदलते, तेही याचसाठी.

समोच्च रेषा या सत्तर मिनिटांत घेऊ नयेत. चढ-उताराला वेगळा दिवस आणि जवळची एखादी टेकडी लागते. उरलेल्या वेळात गटांनी आपापले मैदानाचे नकाशे अदलाबदल करावेत. एका गटाने मैदानात खडू लपवून नकाशावर फुली मारायची, दुसऱ्याने तोंडी काहीही न विचारता, नकाशा उत्तरेला जुळवून आणि पावलं मोजून तो शोधायचा. खडू सापडला नाही, तर दोन्ही गटांनी मिळून चूक प्रमाणात आहे, दिशेत आहे की खुणेत, ते शोधून काढायचं.