आवळा देऊन काय काढायचे?

‘आवळा देऊन ........ काढणे’ ही रिकामी जागा मराठीच्या प्रश्नपत्रिकेत असते. उत्तर ‘कोहळा’. समजा, वर्गातल्या एका मुलाने तिथे ‘भोपळा’ लिहिले, दुसऱ्याने ‘सोहळा’ आणि तिसऱ्याने जागा कोरी ठेवली. तिघांनाही शून्य गुण मिळतील, पण तिघांची अडचण एक नाही. पहिल्याला म्हणीतला व्यवहार नेमका कळला आहे: लहानसे फळ द्यायचे आणि बदल्यात मोठे फळ उकळायचे. त्याला फक्त ठरलेला शब्द आठवला नाही. दुसऱ्याच्या कानात ‘ळा’चा नाद आहे, अर्थ मात्र नाही. तिसऱ्याने म्हण बहुधा ऐकलेलीच नाही. हे तीन प्रकार वेगळे ओळखता आले, तर पुढे कोणाला काय शिकवायचे हेही ठरते.

वाक्प्रचार किंवा म्हण पूर्ण करायला लावणारा प्रश्न मुळात तपासतो तो शब्दांचा पक्केपणा. साध्या वाक्यात समानार्थी शब्द घातला तर चालते, म्हणीत चालत नाही. भोपळाही कोहळ्याएवढाच मोठा असला, तरी रूढीने जागा कोहळ्याला दिली आहे. म्हणूनच या प्रश्नात बरोबर उत्तरही फसवे ठरू शकते. ‘काखेत कळसा, गावाला ........’ इथे ‘वळसा’ हा शब्द यमकामुळे आपोआप सुचतो. तो लिहिणाऱ्या मुलाला विचारावे, कळसा म्हणजे काय? ‘देवळावरचा कळस’ असे उत्तर आले तर म्हण पाठ आहे, पण चित्र दिसलेले नाही. कळसा म्हणजे पाण्याचे भांडे. ते काखेतच आहे आणि ते शोधायला बाई गावभर फिरते आहे, एवढे दिसले की वस्तू जवळ असून शोधाशोध करणे हा अर्थ वेगळा पाठ करावा लागत नाही.

कोणती जागा रिकामी ठेवायची, यालाही म्हणून महत्त्व आहे. ‘वळसा’ गाळला तर यमक उत्तर सांगून टाकते, ‘काखेत’ गाळले तर चित्र आठवावे लागते. ‘चोराच्या मनात ........’ हा प्रश्न तर आणखी एक गोष्ट दाखवतो. आजच्या मुलाला चांदणे म्हणजे सुखद, शीतल प्रकाश वाटतो, त्यामुळे चोर खुशीत आहे असा अर्थ तो लावू शकतो. अंधाराच्या आधाराने चोरी करणाऱ्याला चांदण्यात आपण दिसू ही धास्ती असते. अपराधी मनाला सतत आपण पकडले जाऊ असे वाटते, हा अर्थ त्या धास्तीतून आला आहे. शब्दशः अर्थ चुकला की लाक्षणिक अर्थही उलटा होतो.

एका अर्थावरून दुसऱ्यावर जाण्याची ही वाट संस्कृत काव्यशास्त्राने फार पूर्वी नीट आखून दिली. अकराव्या शतकातल्या मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त लक्षणेच्या तीन अटी येतात. शब्दाचा मुख्य अर्थ त्या जागी बसत नाही. नवा अर्थ त्या मुख्य अर्थाशी कसल्या तरी नात्याने जोडलेला असतो. आणि तो अर्थ रूढीमुळे किंवा काही हेतूने घेतलेला असतो. शाळेतल्या सरावासाठी हेच तीन प्रश्न बनतात.

दोन वाक्ये घेऊन पाहू. ‘सोनाराने बाळाचे कान टोचले’ आणि ‘मुख्याध्यापकांनी उशिरा येणाऱ्या मुलांचे कान टोचले’. पहिल्यात शब्दशः अर्थ सरळ बसतो: तार आहे, पाळी आहे, रडणारे बाळ आहे. दुसऱ्यात तो बसत नाही, कारण मुख्याध्यापकांच्या हाती तार नाही. मग नाते शोधायचे. टोचताना क्षणभर दुखते, पण ते टोचणे भल्यासाठी असते. कठोर शब्दांत चूक दाखवून देणेही तसेच. हा अर्थ आता इतका रुळला आहे की वर्तमानपत्राच्या मथळ्यात ‘न्यायालयाने कान टोचले’ असे आले तरी कोणी अडखळत नाही. ‘सोनारानेच कान टोचावेत’ ही म्हणही याच चित्रातून उलगडते: ज्याचा हात त्या कामात बसला आहे आणि ज्याला तो अधिकार आहे, त्यानेच ते करावे.

‘जोड्या लावा’ या प्रकाराची अडचण वेगळी आहे. डावीकडे पाच वाक्प्रचार आणि उजवीकडे पाच अर्थ असले, तर चार येणाऱ्याला पाचवा फुकट मिळतो. तीनच येत असतील तर उरलेल्या दोन रेघा नशिबावर जुळतात. उजवीकडे सात अर्थ ठेवले की ही सवलत बरीच कमी होते. पण जादा दोन अर्थ कुठून आणायचे? सर्वांत उपयोगी ठरतात ते शब्दशः अर्थाकडे ओढणारे.

कानाचेच वाक्प्रचार घेऊ: कान टवकारणे, कानावर हात ठेवणे, कानाला खडा लावणे, कान किटणे, कान फुंकणे. समोर लक्ष देऊन ऐकू लागणे, माहीत नसल्याचे सांगून अंग काढून घेणे, पुन्हा तसे न करण्याचा निश्चय करणे, तेच तेच ऐकून कंटाळणे आणि एखाद्याविरुद्ध दुसऱ्याचे मन कलुषित करणे हे खरे अर्थ उलटसुलट क्रमाने मांडायचे. त्यांत ‘मोठा आवाज सहन न होणे’ आणि ‘कानाला इजा करणे’ हे दोन मिसळायचे. ‘कानावर हात ठेवणे’पासून मोठ्या आवाजाकडे रेघ गेली, तर मूल शब्दांपाशीच थांबले आहे हे कळते. सगळे वाक्प्रचार एकाच अवयवाचे असल्यामुळे ‘कान म्हणजे ऐकणे’ एवढ्या अंदाजावर सुटकाही होत नाही.

अशी यादी करताना एक चूक हमखास होते. डावीकडे ‘कान फुंकणे’ आणि ‘कान भरणे’ दोन्ही आले, तर एकाच अर्थावर दोघांचा हक्क पोहोचतो आणि विचार करणारे मूलच गोंधळते. शिवाय गुरूने कानात मंत्र सांगणे हाही ‘कान फुंकणे’चा अर्थ आहे. म्हणून यादी पक्की करण्याआधी प्रत्येक वाक्प्रचार प्रत्येक अर्थाशी जोडून पाहावा लागतो. शंका आली तर य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांचा दोन भागांतला ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ चाळावा.

काही वाक्प्रचारांत शब्दशः अर्थ आधी सांगावाच लागतो, कारण ती वस्तू घरातून गेली आहे. ‘गाशा गुंडाळणे’तला गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावर घालायचे कापड, ‘धाबे दणाणणे’तले धाबे म्हणजे मातीचे सपाट छप्पर. इथे मुलाला चित्र सुचेल अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. शब्दशः अर्थाचा तिसरा रकाना छापून द्यावा आणि रेघ त्यातून पुढे न्यायला सांगावी.

शेवटचा टप्पा वाक्यात उपयोगाचा. ‘राजूने कानाला खडा लावला’ हे वाक्य व्याकरणाने बरोबर आहे, पण अर्थ कळल्याचा पुरावा त्यात नाही. वाक्प्रचार झाकून उरलेले वाक्य वाचायचे आणि झाकलेल्या जागी काय असेल ते दुसऱ्या मुलाला विचारायचे, ही त्याची सोपी तपासणी. ‘अनोळखी माणसाला उसने दिलेले पैसे बुडाले, तेव्हापासून राजूने ........’ एवढ्यावरून शेजारच्या बाकावरची मुलगी ‘कानाला खडा लावला’ असे सांगू शकली, तर त्या वाक्याला पूर्ण गुण द्यायला हरकत नाही.