होमरनचा भाव कसा ठरतो

अमेरिकेतल्या बेसबॉल सट्ट्यात सामना कोण जिंकणार याखेरीज एकेका खेळाडूच्या कामगिरीवरही पैसे लावता येतात. अशा पैजेला ‘प्रॉप’ म्हणतात. अमुक फलंदाज आज होमरन मारेल का, ही त्यातली सर्वांत लोकप्रिय प्रॉप. दुसरी टोटल बेसेसची. तिच्यात साध्या हिटला १, डबलला २, ट्रिपलला ३ आणि होमरनला ४ बेस मोजतात. वॉकला काहीच नाही.

मेजर लीगमध्ये फलंदाज एकदा खेळायला आला की होमरन होण्याची सरासरी शक्यता साधारण ३ टक्के असते. भाव काढताना सुरुवात त्या फलंदाजाच्या स्वतःच्या दरापासून करायची. समजा, एका डावखुऱ्या पाहुण्या फलंदाजाचा दीर्घकालीन दर ४.६ टक्के आहे. गेल्या दोन आठवड्यांत त्याचे टोले जास्त जोरकस बसत आहेत. इथे होमरन मोजण्यापेक्षा ‘बॅरल’ मोजणे शहाणपणाचे. चेंडू बॅटवरून ताशी किमान ९८ मैल वेगाने आणि योग्य कोनात उडाला, तर तो टोला बॅरल ठरतो. ९८ मैलांना हा कोन २६ ते ३० अंशांचा असतो आणि वेग वाढेल तशी त्याची मर्यादा रुंदावते. कुंपणाला थडकून परतलेला चेंडू होमरनच्या खात्यात दिसत नाही, पण बॅरलच्या खात्यात दिसू शकतो. तरीही दोन आठवड्यांत जेमतेम तीसपस्तीस टोले जमतात, म्हणून त्यांना थोडेच वजन द्यायचे. आपल्या फलंदाजाचा दर त्यामुळे ४.६ वरून ५ टक्के होतो, ८ टक्के नव्हे.

समोर उजव्या हाताचा पिचर आहे. त्याचा वळणारा चेंडू डावखुऱ्याच्या दिशेने आत येतो, त्यामुळे तो मारणे सोपे जाते. यासाठी दर १.०८ ने गुणला. सामना न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर आहे. तिथे उजव्या फाउल रेषेवर कुंपण अवघ्या ३१४ फुटांवर आहे, आणि डावखुरे बहुधा त्याच बाजूला टोलावतात. त्यासाठी १.१५ चा गुणक धरला, तर दर ६.२ टक्के होतो. फलंदाज यजमान संघाचा असता, तर पुरा गुणक लावणे चुकीचे ठरले असते. त्याचे निम्मे सामने याच मैदानावर झालेले असतात, म्हणजे मैदानाचा निम्मा परिणाम त्याच्या दरात आधीच मुरलेला असतो. ही दुहेरी मोजणी फार वेळा होते.

फलंदाजाला सरासरी ४.३ वेळा खेळायला मिळेल असे धरले, तर एकदाही होमरन न होण्याची शक्यता ०.९३८ च्या ४.३ व्या घाताइतकी, म्हणजे ७६ टक्के. होमरनची शक्यता २४ टक्के उरते. बुकी +३५० भाव देतो, म्हणजे १०० डॉलर लावले तर ३५० नफा; हा भाव २२.२ टक्क्यांशी जुळतो. वरवर पाहता दर शंभर डॉलरमागे सुमारे आठ डॉलर फायदा दिसतो.

पण सुरुवातीचा पिचर सामनाभर टिकत नाही. आपल्या फलंदाजाला तो सरासरी अडीच वेळाच भेटेल. उरलेल्या १.८ वेळा राखीव पिचर येतील आणि त्यांत डावखुरेही असतील. तेव्हाचा दर ५.३ टक्के धरला, तर एकूण शक्यता २२.७ टक्क्यांवर येते आणि आठ डॉलरचा फायदा दोनवर उतरतो. मूळ दरात थोडी जरी चूक असेल, तरी तेवढा फायदा पुसला जातो. शिवाय होमरनच्या प्रॉपमध्ये बुकी अनेकदा फक्त ‘होय’ बाजू विकतो. दोन्ही बाजूंचे भाव नसल्यामुळे त्यात त्याची कमाई किती दडली आहे, हे सरळ काढता येत नाही.

टोटल बेसेसचा हिशेब वेगळा चालतो. इथली नेहमीची रेषा दीडची, म्हणजे दोन बेस मिळाले की पैज जिंकली. समजा, प्रत्येक खेपेला साधी हिट १४ टक्के, डबल ५ आणि होमरन ५ टक्के आहे. ट्रिपल सोडून देऊ. चार खेपांत शून्य बेसची शक्यता ३३ टक्के आणि नेमक्या एका बेसची २५ टक्के येते. म्हणजे दोन किंवा अधिक बेस ४२ टक्के. आता बॉस्टनच्या फेनवे पार्कमधली डावीकडची ३७ फूट उंच भिंत घ्या. एरवी पार जाणारा सपाट, जोरकस टोला तिच्यावर आपटतो आणि होमरनऐवजी डबल होतो. उजव्या फलंदाजाचा होमरनचा दर तिथे ५ वरून ४ आणि डबलचा ५ वरून ६ झाला असे धरले, तर चार खेपांत होमरनची शक्यता १८.५ वरून १५ टक्क्यांवर घसरते. दीड बेसची शक्यता मात्र ४२ टक्केच राहते, कारण त्या रेषेला डबलही पुरतो. म्हणून मैदानाचा एकच गुणक दोन्ही पैजांना लावता येत नाही. साध्या हिट, डबल आणि होमरन यांचे गुणक वेगवेगळे काढावे लागतात, तेही डावखुऱ्या आणि उजव्या फलंदाजांसाठी स्वतंत्रपणे.