श्रीखंड काही जाईना!

पुतण्याच्या मुंजीच्या जेवणाचा हिशेब मी चॅटबॉटकडून करून घेत होतो. सुरुवातीला पानं 150 आणि गोडाला श्रीखंड. पुढे घरात ठरलं की पानं 110 आणि श्रीखंडाऐवजी जिलेबी. तसं लिहिलं, यादी सुधारून आली. मग आचारी, मांडव, आहेर असं बोलणं वाढत गेलं आणि चाळिसाव्या मेसेजच्या सुमारास किराण्याच्या यादीत चक्का पुन्हा हजर! चूक दाखवल्यावर चक्का गेला, पण साखर आणि तेल 150 पानांचंच राहिलं.

याला आपण विसरभोळेपणा म्हणतो, पण बहुतेकदा अडचण उलटी असते. प्रत्येक उत्तराआधी तोवरचं संभाषण चॅटबॉटसमोर पुन्हा मांडलं जातं. वहीत खोडलेली ओळ खोडलेली दिसते, इथे खोडाखोड नसतेच. 150 हा आकडा वीस ठिकाणी, 110 दोन ठिकाणी. ‘श्रीखंड नको’ या वाक्यातही श्रीखंड आहेच. चॅटबॉटच्या स्वतःच्या चुकीच्या याद्याही त्याच ढिगात असतात. शिवाय लांब मजकुराच्या मधल्या भागातली माहिती अशा मॉडेलांकडून अनेकदा निसटते, हे 2023च्या एका संशोधनात दिसून आलं. एका वेळी किती मजकूर समोर ठेवता येईल यालाही मर्यादा असते. ती ओलांडली की काही ॲप्स जुना भाग गाळतात किंवा त्याचा सारांश करतात.

मग नवा चॅट कधी उघडायचा? मी एक खूण धरली आहे: तीच दुरुस्ती दुसऱ्यांदा सांगावी लागली, की थांबायचं. तिसऱ्यांदा समजावलं तर ढिगात भरच पडते. विषय पूर्ण बदलला, तरी नवा चॅट बरा. पण चूक पहिल्यांदाच आणि आत्ताच झाली असेल, तर एवढं करायची गरज नाही. सोय असेल तिथे आपलाच आधीचा मेसेज ‘एडिट’ करावा; उत्तर तिथून नव्याने येतं.

नव्या चॅटमध्ये मी एवढंच लिहिलं: ‘मुंजीचं दुपारचं जेवण. पानं 110. वरण-भात, बटाट्याची भाजी, मटकीची उसळ, पुरी, कोशिंबीर, जिलेबी, मठ्ठा. किराण्याची यादी हवी, प्रमाण किलोत.’ श्रीखंडाचा उल्लेख मुद्दाम टाळला. हा गोषवारा जुन्या चॅटकडून काढून घेता येतो, पण गोंधळलेल्या चॅटचा गोषवाराही गोंधळलेला असू शकतो. म्हणून आकडे स्वतः तपासावेत. काही ॲप्स जुन्या गप्पांतल्या गोष्टी ‘मेमरी’त ठेवतात; 150 तिथूनही परत येऊ शकतो, तेव्हा सेटिंग्ज एकदा पाहावीत.

नवी यादी आली, तीत चक्का नव्हता. तरी आचाऱ्याला ती दाखवूनच किराणा भरला.