अकराव्या सळईचा हिशेब

फुटिंगच्या खड्ड्यात काँक्रीट पडलं की तळाची जाळी कायमची नजरेआड होते. स्लॅब गळला तर डाग उमटतो, भिंतीला तडा गेला तर तो दिसतो. पण जाळीत दोन सळया कमी बांधल्या गेल्या, तर ते सांगायला वर कुणी येत नाही. म्हणून मोजणी व्हायला हवी ती काँक्रीट पडण्याआधीच. तिचं गणित वजाबाकी आणि भागाकाराचं आहे. तरीही साइटवर ते चुकतं, आणि बहुतेक वेळा ठरावीक जागीच चुकतं.

एक नेहमीचं फुटिंग घेऊ. रुंदी १५०० मिमी, लांबी १८०० मिमी. दोन्ही दिशांना १२ मिमीच्या सळया, अंतर १५० मिमी सेंटर टू सेंटर, म्हणजे एका सळईच्या मध्यापासून शेजारच्या सळईच्या मध्यापर्यंत. बाजूचं कव्हर ५० मिमी.

आधी लांबीच्या दिशेने धावणाऱ्या सळया मोजू. त्या एकमेकींशेजारी मांडल्या जातात ते रुंदीवर. म्हणून भागाकारात लांबी येत नाही, रुंदी येते.

रुंदी १५०० असली तरी सगळी सळयांना मिळत नाही. सळईच्या बाहेरच्या अंगापासून काँक्रीटच्या कडेपर्यंतचा थर म्हणजे कव्हर. मातीतला ओलावा आणि क्षार लोखंडापर्यंत पोचू नयेत म्हणून तो राखायचा. आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकात फुटिंगसाठी किमान कव्हर ५० मिमी सांगितलं आहे. दोन्ही बाजूंचं मिळून १०० वजा केलं की १४०० मिमी उरतात. कव्हर मोजतात सळईच्या अंगापासून आणि अंतर मोजतात तिच्या मध्यापासून, त्यामुळे दोन्ही टोकांना अर्धी-अर्धी जाडी, म्हणजे एकूण १२ मिमी आणखी वजा होतात. पहिल्या आणि शेवटच्या सळईच्या मध्यांमधलं अंतर आलं १३८८ मिमी.

१३८८ ला १५० ने भागलं की ९.२५ येतात. हा आकडा सळयांचा नाही, सळयांमधल्या गाळ्यांचा आहे. हाताची पाच बोटं पसरली तर मध्ये बेचकी चारच. गाळे जितके, त्याहून सळई एक जास्त.

आता सव्वानऊ गाळे तर पाडता येत नाहीत. नऊ पाडले तर प्रत्येक गाळा १५४ मिमीचा होतो आणि ड्रॉइंगमधली १५० ची मर्यादा ओलांडली जाते. म्हणून अपूर्णांक नेहमी वर न्यायचा: गाळे दहा, सळया अकरा. त्यानंतर पुन्हा भागाकार करायचा. १३८८ भागिले १०, म्हणजे जवळपास १३९ मिमी. फिटरने खडूने खुणा करायच्या त्या या १३९ वर. १५० वरच खुणा करत गेलं तर नऊ गाळ्यांत १३५० मिमी संपतात आणि शेवटच्या गाळ्याला ३८ मिमी उरतात. तिथे दोन सळया एकमेकींना खेटून बसतात.

कव्हर विसरलं तर काय होतं? १५०० भागिले १५० म्हणजे १०, अधिक एक, अकरा. उत्तर तेच! इथेच फसगत होते. हे दहा गाळे १५० चे धरून मांडले तर अख्खे १५०० मिमी व्यापतात आणि कडेच्या सळया थेट खड्ड्याच्या मातीला किंवा शटरिंगच्या फळीला टेकतात. संख्या बरोबर, कव्हर शून्य.

या ‘अधिक एक’च्या पोटात आणखी एक गोष्ट आहे. १५० मिमीवर मांडलेली प्रत्येक सळई आपल्या दोन्ही अंगांचं ७५-७५ मिमी काँक्रीट सांभाळते. त्या न्यायाने १५०० मिमी रुंदीला लागणारं लोखंड दहाच सळयांचं आहे. अकरावी आली कारण कडेची सळई काठाच्या फार जवळ आहे. तिच्या मध्यापासून काठ ५६ मिमीवर, ७५ वर नाही. त्यामुळे मधल्या भागात जागा वाढते आणि ती भरायला एक सळई जास्त लागते. इथे सूत्र आपल्याला थोडं अधिकच लोखंड देतं.

पण उलटंही घडू शकतं. थेट मातीला लागून ओतलेल्या काँक्रीटसाठी अमेरिकेच्या एसीआय ३१८ संहितेत ७५ मिमी कव्हर आहे. समजा, रुंदी १५५० मिमी, कव्हर ७५ आणि १२ मिमीच्या सळयांचं अंतर १००. कव्हर आणि जाडी वजा जाता पुन्हा १३८८ च उरतात. भागाकार १३.८८, गाळे १४, सळया १५. लोखंडाची गरज मात्र १५५० भागिले १००, म्हणजे साडेपंधरा सळयांची, म्हणून १६ हव्यात. कडेच्या सळईपासून काठापर्यंतचं अंतर गाळ्याच्या निम्म्याहून मोठं झालं की नेहमीचं सूत्र असं कमी पडू शकतं. तिथे दोन्ही आकडे काढायचे आणि मोठा घ्यायचा.

दिशेची अदलाबदल ही सगळ्यात लपून राहणारी चूक. आपल्या पहिल्या फुटिंगमध्ये आडव्या, म्हणजे रुंदीच्या दिशेने धावणाऱ्या सळया लांबीवर मांडल्या जातात: १८०० वजा १००, वजा १२, म्हणजे १६८८. भागिले १५०, आले ११.२५. गाळे १२, सळया १३. कडेला वर वळवायच्या नसतील तर ११ सळया प्रत्येकी १.७ मीटर आणि १३ सळया प्रत्येकी १.४ मीटर, एकूण ३६.९ मीटर. आकडे उलटे पडले, १३ लांब आणि ११ आखूड सळया कापल्या, तर एकूण होतात ३७.५ मीटर. १२ मिमीची सळई मीटरला साधारण ०.८९ किलो भरते, म्हणजे फरक जेमतेम अर्ध्या किलोचा. लोखंडाच्या वजनावरून ही चूक कधीच पकडता येणार नाही. जाळीत मात्र आखूड सळयांमधलं अंतर १५० ऐवजी १६९ झालेलं असतं आणि त्या दिशेला दोन सळया कमी असतात.

ती पकडायची तर खड्ड्याच्या कडेला उभं राहायचं. १५०० च्या बाजूला आपल्याकडे तोंड केलेली सळयांची टोकं मोजायची. ती अकरा हवीत. मग १८०० च्या बाजूला जायचं, तिथे तेरा. टेप पहिल्या सळईच्या मध्यापासून शेवटच्या सळईच्या मध्यापर्यंत धरायची, १३८८ आणि १६८८ च्या आसपास वाचन यायला हवं. ते जास्त आलं तर बाजूचं कव्हर खाल्लं गेलंय असं समजावं.

हा हिशेब सगळ्या सळया सारख्या अंतरावर असल्याचं धरून चालतो. चौरस आणि चौरसाच्या जवळच्या फुटिंगला ते चालतं. फुटिंग लांबट असेल तर आयएस ४५६ आखूड सळयांचा मोठा वाटा कॉलमखालच्या, रुंदीइतक्याच मधल्या पट्ट्यात मागतं. लांबी रुंदीच्या दुप्पट असेल तर दोन तृतीयांश. तिथे पट्ट्याचा हिशेब वेगळा आणि उरलेल्या दोन टोकांचा वेगळा.

काँक्रीटची गाडी यायच्या आधी या मोजणीला पाच मिनिटं लागतात. गाडी रिकामी झाल्यावर मोजायला काहीच उरत नाही.