आवाज पूर्ण, तरी फोन गप्प

नोटिफिकेशनचा आवाज येत नाही म्हटलं की पहिला हात जातो फोनच्या कडेच्या बटणावर. पट्टी शेवटपर्यंत सरकवली जाते, गाणं लावलं तर खणखणीत वाजतं, फोन आला तर रिंगही वाजते, आणि तरी एखादं ॲप मात्र ढिम्म. मग ॲप काढून पुन्हा टाकलं जातं, फोन बंद करून चालू केला जातो, कुणी फोन दुरुस्तीच्या दुकानापर्यंतही जातं. स्पीकर शाबूत असतो. दुकानदार तरी काय करणार?

व्हॉल्यूमची पट्टी एवढंच ठरवते की आवाज निघाला तर तो किती मोठा असेल. आवाज निघायचा की नाही, आणि निघाला तर कोणता, हे दुसरीकडे ठरतं. अँड्रॉइड फोनवर ती जागा एकदा सापडली की दोन्ही कामं तिथेच होतात: प्रत्येक ॲपला वेगळा आवाज लावता येतो, आणि गप्प बसलेल्या ॲपला बोलतंही करता येतं. म्हणून ही जागा नीट समजून घेऊ.

२०१७ साली आलेल्या अँड्रॉइड ८ पासून आवाज थेट ॲपला लागत नाही, तर त्या ॲपच्या सूचनांच्या एकेका प्रकाराला लागतो. बनवणारे याला ‘चॅनेल’ म्हणतात, फोनच्या सेटिंगमध्ये बहुतेक ठिकाणी ‘कॅटेगरी’ असं दिसतं. चॅटच्या ॲपमध्ये वैयक्तिक मेसेज हा एक प्रकार, ग्रुपचे मेसेज हा दुसरा, बॅकअप चालू असल्याची सूचना हा तिसरा. खरेदीच्या ॲपमध्ये ‘तुमची ऑर्डर निघाली’ हा एक प्रकार आणि ‘सेल सुरू’ हा दुसरा. प्रत्येक प्रकाराचा स्वतःचा आवाज, स्वतःचं कंपन आणि गप्प राहायचं की वाजायचं याचा स्वतःचा निर्णय असतो. ॲप हा प्रकार पहिल्यांदा तयार करतं तेव्हा त्याला हवा तो आवाज लावून देतं. त्यानंतर मात्र तो आवाज बदलण्याचा अधिकार फक्त फोनच्या मालकाला असतो, ॲपला नाही. हा नियम मला अतिशय योग्य वाटतो, कारण त्याआधी जाहिरातींचा गोंगाट थांबवायचा तर अनेकदा अख्ख्या ॲपच्याच सूचना बंद कराव्या लागत आणि कामाचे निरोपही त्यात जात.

आमच्या सोसायटीतल्या एक वहिनी घरून डबे देतात. ‘उद्या दोन डबे जास्त’, ‘आज नको’ असे निरोप त्यांना चॅटवर येतात आणि सकाळी साडेसहाच्या आत ते कळले नाहीत तर कणीक कमी तरी पडते, नाहीतर उरते. त्यांच्या फोनवर चॅटचे मेसेज आवाजाविना येऊ लागले. पट्टी पूर्ण होती. बँकेचा एसएमएस वाजत होता, मेल वाजत होती, आणि त्याच चॅटच्या ॲपमधले ग्रुपचे मेसेजही वाजत होते. दोष शोधायला एवढी माहिती पुरेशी होती. ग्रुप वाजतात म्हणजे ॲपला परवानगी आहे, नेट आहे, स्पीकर आहे आणि व्हॉल्यूमही आहे. बिघाड एका प्रकारापुरता आहे.

पुढचा पुरावा पडद्यावरच मिळतो. एखादी सूचना येऊन पडली की वरून बोट ओढून सूचनांची यादी उघडायची. बऱ्याच फोनवर ही यादी दोन भागांत असते: वर वाजणाऱ्या सूचना, आणि खाली ‘Silent’ अशा मथळ्याखाली न वाजणाऱ्या. वहिनींचे सगळे वैयक्तिक मेसेज या खालच्या भागात येऊन बसत होते. त्या भागातल्या सूचनेसाठी व्हॉल्यूम कितीही वाढवला तरी उपयोग नाही. तिला वाजायचंच नाही असं फोनला सांगून ठेवलेलं असतं.

हे सांगितलं कुणी? बहुतेक वेळा आपणच, नकळत. सूचना बाजूला सारताना बोट जरा जास्त वेळ टेकलं की ती सरकत नाही, तिच्याखाली पर्याय उघडतात आणि त्यात एक ‘Silent’ असतो. वहिनी पिठाच्या हाताने, करंगळीने सूचना बाजूला सारतात. कधीतरी ते बटण दाबलं गेलं आणि तेव्हापासून त्या प्रकारचा प्रत्येक मेसेज मुका झाला.

उपाय त्याच वाटेने परत जाण्याचा. मुकी आलेली सूचना यादीत असतानाच तिच्यावर बोट दाबून धरायचं आणि ‘Default’ किंवा ‘Alert’ असा जो पर्याय दिसेल तो निवडायचा. फोनागणिक शब्द बदलतात. सूचना समोर नसेल तर सेटिंग, मग ॲप्स, मग ते ॲप, मग नोटिफिकेशन्स असं जायचं. तिथे प्रकारांची यादी दिसते. इथे एक बारीक गोष्ट अनेकांची चुकते: प्रकाराच्या नावापुढचं बटण फक्त तो प्रकार चालू-बंद करतं. आवाजापर्यंत जायचं असेल तर बटणावर नाही, नावावर टेकायचं. आत गेलं की वाजणारा की मुका हा निर्णय आणि त्याखाली ‘Sound’ अशी ओळ सापडते. तीही बघावी, कारण प्रकार वाजणारा असूनही त्या ओळीत ‘None’ किंवा ‘Silent’ लिहिलेलं असू शकतं.

सॅमसंगच्या नव्या फोनवर ही यादीच दिसत नाही अशी तक्रार अनेकजण करतात. यादी आहे, पण कुलपात. सेटिंगमध्ये नोटिफिकेशन्स, मग ‘Advanced settings’, आणि तिथे ‘Manage notification categories for each app’ हे बटण चालू केलं की प्रत्येक ॲपच्या पानावर प्रकार दिसू लागतात. कंपनीने ते मुळात बंद ठेवलेलं असतं. ज्याला प्रत्येक ॲपचा आवाज वेगळा हवा आहे त्याच्यासाठी हे बटण नसेल तर पुढचं काहीच शक्य नाही, त्यामुळे ते असं आत दडवून ठेवणं मला पटत नाही.

एकदा हे पान सापडल्यावर वहिनींनी फोनची घडीच बसवून घेतली. वैयक्तिक मेसेजला मोठा, दोन ठोक्यांचा आवाज, जो मिक्सर चालू असतानाही कळतो. बँकेच्या एसएमएससाठी मेसेजच्या ॲपला अगदी छोटा, वेगळा टिंग. ग्रुप मुके, खरेदीच्या ॲपमधला जाहिरातींचा प्रकार सरळ बंद, पण पार्सल आल्याचा प्रकार चालू. आता हात कणकेत असतानाही कोणत्या आवाजाला हात धुवायचे आणि कोणत्याला नाही हे त्यांना ऐकून कळतं. व्हॉट्सॲपसारख्या ॲपमध्ये याच्याही पुढे जाता येतं: एखाद्या व्यक्तीचं चॅट उघडून तिच्या नावावर टेकलं की आत नोटिफिकेशनचा पर्याय असतो आणि त्या एकाच व्यक्तीला स्वतंत्र आवाज लावता येतो. अशा ॲपला आवाज लावताना मात्र ॲपच्या स्वतःच्या सेटिंगपासून सुरुवात करावी आणि मग फोनच्या सेटिंगमध्ये तोच आवाज दिसतो का ते पाहून घ्यावं.

फोनबरोबर आलेले आवाज बरेचसे सारखेच वाटतात, म्हणून स्वतःचा आवाज लावावासा वाटतो. त्यासाठी एक-दोन सेकंदांची छोटी फाइल फोनच्या स्वतःच्या मेमरीत `Notifications` नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची, म्हणजे आवाज निवडण्याच्या यादीत ती दिसते. चॅटवर आलेली ऑडिओ क्लिप जागच्या जागी निवडली आणि पुढे साफसफाईत ती उडाली, किंवा फाइल मेमरी कार्डावर होती आणि कार्ड काढलं, तर वाजवायला काही उरत नाही आणि सूचना मुकी येऊ शकते. काल वाजणारं ॲप आज अचानक गप्प झालं आणि सेटिंग सगळी जागच्या जागी दिसत असेल, तर आधी ही फाइल शोधावी.

लावलेला आवाज आपोआप बदलण्यामागेही कारण आहे. ॲपला जुन्या प्रकाराचा आवाज बदलता येत नाही, म्हणून एखादं ॲप अपडेटच्या वेळी जुना प्रकार मोडून नवा तयार करतं. नव्या प्रकाराला आपण लावलेला आवाज माहीत नसतो. ॲपच्या नोटिफिकेशनच्या पानावर अगदी तळाशी ‘इतके प्रकार काढून टाकले’ अशा अर्थाची एक फिकट ओळ कधी कधी दिसते, ती याचीच खूण. ॲप काढून पुन्हा टाकलं तरी आपण लावलेले आवाज जातात, म्हणून तो उपाय सगळ्यात शेवटी करावा.

एक वेगळाच त्रास याच तक्रारीच्या नावाखाली फिरतो. सूचना मुकी येते की येतच नाही, हे आधी ठरवायला हवं. ॲप उघडल्याबरोबर दहा मेसेज एकदम कोसळत असतील तर प्रश्न आवाजाचा नाही. बॅटरी वाचवण्यासाठी फोनने त्या ॲपला पडद्याआड झोपवलेलं असतं. तिथे आवाज बदलून काही होत नाही, त्या ॲपला बॅटरीच्या निर्बंधातून सूट द्यावी लागते. शंका असेल तर नोटिफिकेशन्सच्या सेटिंगमध्ये ‘Notification history’ चालू करावी. अँड्रॉइड ११ पासून ती सोय आहे आणि आलेल्या सूचनांची वेळेसकट नोंद तिथे राहते. नोंद वेळेवरची आणि आवाज नाही, तर प्रकार तपासा. नोंदच उशिराची, तर बॅटरी.

सगळीच ॲप्स एकदम गप्प झाली असतील तर एकेका ॲपमागे लागू नये. डू नॉट डिस्टर्ब चालू आहे का, रात्रीचं वेळापत्रक सकाळीही लागू राहिलंय का, आवाज कपाटातल्या ब्लूटूथ इअरफोनकडे जातोय का, हे बघावं. मनगटी घड्याळ जोडलेलं असेल तर त्याच्या ॲपमध्येही फोन मुका ठेवण्याचा पर्याय असू शकतो.

काही बाबतीत मात्र आपला इलाज चालत नाही. ‘डिलिव्हरी पाच मिनिटांवर’ अशी एकच सूचना जागच्या जागी बदलत राहते. ती पहिल्यांदाच वाजावी असं ॲपने सांगितलेलं असेल तर पुढचे बदल मुकेच राहतात. पिक्सेल फोनवर अँड्रॉइड १६ मध्ये ‘Notification cooldown’ ही सोय आहे. थोड्या वेळात बऱ्याच सूचना आल्या तर फोन पुढच्यांचा आवाज कमी करतो. ज्यांचं काम निरोपांवर चालतं त्यांनी ती बंद ठेवलेली बरी. आयफोनवर तर प्रत्येक ॲपला आवाज निवडून द्यायची सोय फोनच्या सेटिंगमध्ये नाहीच. मेसेज, मेल, कॅलेंडर अशा ॲपलच्या काही ॲप्सचे आवाज बदलता येतात, बाकी ॲप्सच्या बाबतीत बनवणाऱ्याने ॲपच्या आत पर्याय दिला असेल तरच.

बदल केल्यावर चाचणी घेताना चॅट उघडं ठेवून बसू नये. चॅट पडद्यावर उघडं असताना नोटिफिकेशन वाजत नाही, वाजला तर ॲपच्या आतला छोटा आवाज वाजतो, आणि दुरुस्ती झालीच नाही असं वाटतं. फोन लॉक करून ओट्यावर ठेवावा आणि घरातल्या कुणाला तरी दोन मेसेज पाठवायला सांगावे, एक वैयक्तिक आणि एक ग्रुपवर.