बाष्पाचे वजन आणि तुटलेले रेणू

पॅरिसमध्ये १८६७ साली आँरी सँत-क्लेर देविल आणि लुई त्रूस्त या दोन रसायनशास्त्रज्ञांनी एका तांबूस वायूच्या घनतेचे आकडे प्रसिद्ध केले. त्याच तापमानाच्या आणि त्याच दाबाच्या हवेपेक्षा हा वायू किती पट जड भरतो, एवढेच ते आकडे सांगत होते. २६.७ अंश सेल्सिअसला २.६५ पट, ६०.२ अंशांना २.०८ पट आणि १००.१ अंशांना १.६८ पट.

वरवर पाहता यात नवल वाटत नाही. तापवला की कोणताही वायू विरळ होतोच. पण हवाही तितकीच विरळ होते, त्यामुळे हवेशी केलेली तुलना तापमानाने बदलायला नको. ऑक्सिजनची बदलत नाही, कार्बन डायऑक्साइडची बदलत नाही. या वायूची मात्र साधारण पाऊणशे अंशांत एक तृतीयांशाहून जास्त घसरली होती.

वायू होता डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड, म्हणजे N₂O₄. साध्या दाबाखाली तो २१ अंशांच्या आसपास उकळतो. त्याचा रेणू रंगहीन असतो, पण तो मधोमध तुटला की नायट्रोजन डायऑक्साइडचे, म्हणजे NO₂ चे, दोन तपकिरी रेणू तयार होतात. हे तुकडे पुन्हा जुळतही असतात. तुटणे आणि जुळणे एकाच वेगाने चालू लागले की मिश्रण समतोलाला येते आणि बाहेरून सारे स्थिर दिसते. तापमान वाढवले की तुटलेल्यांची संख्या वाढते, थंड केले की घटते. बंद काचनळीतला हा वायू बर्फात फिका आणि गरम पाण्यात गडद दिसतो, त्याचे कारण हेच.

पण रंग गडद झाला यावरून नेमके किती रेणू तुटले, हे डोळ्यांना सांगता येत नाही. तराजूला येते.

एकोणिसाव्या शतकात बाष्प तोलण्याची जी पद्धत रुळली होती ती जाँ-बाप्तिस्त द्युमा यांची. काचेचा पातळ फुगा घ्यायचा, त्याची मान तापवून केसासारखी बारीक ओढायची, आत थोडा द्रव घालायचा आणि फुगा ठरावीक तापमानाच्या पाण्यात किंवा तेलात बुडवून ठेवायचा. द्रवाची वाफ होते आणि बाहेर पडताना आतली हवा हाकलून लावते. मानेतून वाफ येणे थांबले की आतला दाब बाहेरच्या दाबाइतका झाला असे समजायचे आणि त्याच क्षणी ज्योतीने टोक बंद करायचे. मग फुगा गार करून, पुसून तोलायचा. या वायूच्या बाबतीत इथे एक शंका येते. गार होताना आतले तुकडे पुन्हा जुळणार, मग गरम असतानाची स्थिती कशी कळणार? पण तुकडे जुळले तरी फुग्यात अडकलेले वस्तुमान बदलत नाही. टोक बंद झाले त्या क्षणी किती ग्रॅम आत होते, एवढेच हवे असते.

समजा फुगा २५० मिलिलिटरचा आहे, तापमान ६०.२ अंश आणि दाब एक वातावरण. त्यात सगळे रेणू अभंग N₂O₄ असते तर बाष्प सुमारे ०.८४ ग्रॅम भरले असते. सगळे तुटलेले असते तर त्याच्या निम्मे, ०.४२ ग्रॅम. देविल आणि त्रूस्त यांच्या आकड्यानुसार ते ०.५५ ग्रॅम भरायला हवे. उत्तर दोन टोकांच्या मध्ये आहे. आता हिशेब मांडायचा तो अव्होगाद्रोच्या नियमावर: एकाच तापमानाला आणि दाबाला ठरावीक जागेत कोणत्याही वायूचे रेणू सारख्याच संख्येने मावतात. म्हणून रेणू तुटून संख्या जितक्या पटीने वाढते, तितक्याच पटीने घनता घटते.

अभंग N₂O₄ हवेच्या ३.१८ पट जड असायला हवा. प्रत्यक्षात २.०८ पट भरला. ३.१८ ला २.०८ ने भागले की १.५२९ येतात. म्हणजे मुळात जिथे १०० रेणू होते तिथे आता जवळजवळ १५३ आहेत. प्रत्येक तुटलेला रेणू एकाची भर घालतो, तेव्हा ५३ रेणू तुटले. ४७ अभंग राहिले आणि १०६ तुकडे झाले. ५२.९ टक्के ही झाली विघटनाची मात्रा, α. हाच हिशेब २६.७ अंशांना केला तर २० टक्के येते, आणि १००.१ अंशांना ८९ टक्के.

यापुढची पायरी समतोल स्थिरांकाची. एकूण दाब एक वातावरण असेल तर त्यातला तुकड्यांचा वाटा ०.६९२ आणि अभंग रेणूंचा ०.३०८. एका रेणूचे दोन तुकडे होतात, म्हणून तुकड्यांच्या दाबाचा वर्ग करायचा आणि त्याला अभंगांच्या दाबाने भागायचे. उत्तर येते सुमारे १.५५. एका ओळीत लिहायचे तर:

Kp = 4α²P / (1 − α²)

२६.७ अंशांना हाच स्थिरांक ०.१६७ येतो. आजच्या ऊष्मागतिकीच्या कोष्टकांवरून त्या तापमानाला सुमारे ०.१७ निघतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या मोजणीला ही दाद द्यायलाच हवी.

स्थिरांक काढायची गरज काय, α पुरेशी नाही का? नाही, कारण α दाबाबरोबर बदलते. ६०.२ अंशांनाच दाब निम्मा केला तर सूत्रानुसार ५३ ऐवजी ६६ टक्के रेणू तुटलेले सापडायला हवेत. दाब एक दशांश केला तर ८९ टक्के. जागा मोकळी झाली की दोन तुकड्यांची गाठ क्वचित पडते, तुटणे मात्र तेवढेच चालू राहते. या सगळ्या उलथापालथीत Kp जागचा हलत नाही. तो बदलतो फक्त तापमानाने, आणि त्या बदलात आणखी एक माहिती दडलेली असते. ०.१६७ आणि १.५५ हे दोन आकडे व्हान्ट हॉफ यांच्या समीकरणात घातले की एक मोल N₂O₄ तोडायला सुमारे ५५ किलोज्यूल उष्णता लागते असे निघते. आजचा स्वीकृत आकडा ५७ च्या आसपास आहे. उष्णतामापक न वापरता, नुसते फुगे तोलून हे साधले.

पद्धतीच्या मर्यादाही याच आकड्यांत दिसतात. फुग्यात ओल राहिली तर नायट्रिक आम्ल तयार होते, हवा राहिली तर वजन खोटे पडते. पाऱ्यावर बाष्प गोळा करण्याची दुसरी प्रचलित पद्धत इथे चालतच नाही, कारण हा वायू पाऱ्यालाच खातो. उत्कलनबिंदूजवळ बाष्प आदर्श वायूसारखे वागत नाही. आणि जवळपास सगळे रेणू तुटलेले असतात तिथे सूत्र फार नाजूक होते. १३५ अंशांना नोंदलेली घनता १.६० आहे, तिच्यावरून Kp १५७ येतो. तीच १.६१ वाचली गेली असती तर ७८ आला असता. शंभराव्या हिश्श्याच्या चुकीने उत्तर निम्मे होते. ६०.२ अंशांना तेवढ्याच चुकीने फक्त चार टक्क्यांचा फरक पडतो. म्हणून भरवशाचा स्थिरांक हवा असेल तर रेणू अर्धेमुर्धे तुटलेले असतात त्या पट्ट्यातच मोजावे.

सर्वांत बोलके आकडे शेवटचे दोन आहेत. १५४ अंशांना १.५८ आणि १८३.२ अंशांना १.५७. पूर्ण विघटनानंतर उरणाऱ्या NO₂ ची घनता १.५९ आहे, त्याखाली जायला जागाच नाही. सूत्रात घातले तर α शंभर टक्क्यांच्या वर जाते. असे उत्तर आले की मोजणी चुकली तरी असते, किंवा नळीत दुसरीच क्रिया सुरू झालेली असते. इथे दुसरी शक्यता खरी ठरण्याजोगी आहे, कारण साधारण १५० अंशांपुढे NO₂ स्वतःच तुटू लागतो आणि नायट्रिक ऑक्साइड व ऑक्सिजन देतो. आजच्या आकड्यांवरून १८३ अंशांना शंभरातले जेमतेम दोन रेणू असे तुटतात. त्याने एकूण संख्या एका टक्क्याने वाढते आणि १.५९ ची घनता १.५७ च्या आसपास येते.